नान सगळ्यात शेवटी का लागतो

संध्याकाळची पाळी सुरू झाली की हॉटेलच्या किचनमधल्या स्क्रीनवर केओटी, म्हणजे ऑर्डरची तिकिटं, उमटू लागतात. आधी आलेलं आधी करायचं, असं बाहेर बसलेल्यांना वाटतं. पण तसं केलं तर एका टेबलावर नान येतो आणि भाजीची वाट बघत गार होतो. म्हणून हिशोब उलटा मांडावा लागतो: टेबलावर सगळं एकदम कधी जाणार ते ठरवायचं आणि तिथून मागे मोजत यायचं.

समजा, साडेसातला चार नंबर टेबलाची ऑर्डर आली: हाफ तंदुरी चिकन, बटर चिकन, बटर नान. या किचनमध्ये तंदुरीला १६ मिनिटं लागतात, बटर चिकनला ९, नानला ३. म्हणजे सगळं ७:४६ ला तयार हवं. तंदुरी लगेच भट्टीत जाते, बटर चिकनची कढई ७:३७ ला चढते आणि नान ७:४३ ला लागतो. तोवर ७:३२ ला सात नंबरची व्हेज कोल्हापुरी आणि रोटी आली. भाजी ८ मिनिटांची, म्हणून कढई लगेच चढली आणि रोट्या ७:३७ ला लागल्या. मागून आलेलं हे टेबल ७:४० ला निघतं. त्यात चार नंबरवर काहीच अन्याय नाही, कारण त्यांची कोंबडी तेव्हा भट्टीतच असते.

स्क्रीनला ही मिनिटं कुणीतरी भरून द्यावी लागतात, आणि पाळीच्या सुरुवातीला गडबड होते ती इथेच. कोळशाची भट्टी पुरती तापलेली नसली तर १६ मिनिटांची तंदुरी २० घेते. स्क्रीनला ते कळत नाही. तो ७:४३ लाच नान लावायला सांगतो आणि तंदुरी येईपर्यंत नान चिवट होतो. भट्टीवरच्या माणसाने ‘अजून चार मिनिटं’ असं ओरडून सांगितलं आणि पासवर उभ्या शेफने नान रोखला, तरच ते टेबल सावरतं. माझ्या मते पहिल्या तासासाठी वेळा वेगळ्याच भराव्यात.

दुसरा घोळ माणसांचा. तिकीट उशिराचं झालं की लाल होतं, आणि लाल दिसू नये म्हणून पदार्थ व्हायच्या आधीच कुणी ते उडवतं. कॅप्टन पासवर येतो, तर ताट रिकामं! रात्री नोंदी पाहिल्या की ही चलाखी उघडी पडते: १६ मिनिटांची तंदुरी ५ मिनिटांत ‘झाली’ असं दिसतं. अशा नोंदींची सरासरी काढून उद्याच्या वेळा ठरवल्या, तर उद्याचा नानही चुकीच्याच वेळी लागणार. त्या आधी वगळायच्या आणि उरलेल्यांवरूनच तंदुरीची वेळ भरायची.