पाच कारखाने, मालक किती?

आपल्या नव्या हॉस्टेलच्या साइटवर सिमेंटच्या गोण्यांचे थर लागले आहेत. तिथले सुपरवायझर काका म्हणतात, "चंद्रपूर जिल्ह्यात पाच मोठे कारखाने आहेत, एकाने भाव वाढवला की आपण दुसऱ्याकडे." ऐकायला बरोबर वाटते. पण विदर्भात सिमेंटची स्पर्धा खरंच एवढी आहे का, हे मोजता येते. इकॉनॉमिक्सच्या तासाला जे दोन आकडे शिकलो, तेच इथे लावून बघूया. (माझे मराठी कॉन्व्हेंटचे आहे, सांभाळून घ्या.)

पहिला आकडा सोपा आहे. सगळ्यात मोठ्या चार कंपन्यांच्या टक्केवारीची बेरीज, म्हणजे टॉप-फोर शेअर. दुसरा हर्फिंडाल-हर्शमन इंडेक्स. यात प्रत्येक कंपनीच्या टक्केवारीचा वर्ग करून बेरीज करायची. वर्ग केल्यामुळे मोठ्या कंपनीचे वजन जास्त पडते. एकच कंपनी असेल तर १००००, आणि बारीक बारीक पुष्कळ असतील तर शून्याच्या जवळ. अमेरिकेच्या २०२३ च्या मर्जर नियमावलीत १८०० च्या वर गेलेला बाजार 'फार एकवटलेला' धरतात. २०१० च्या नियमावलीत हीच रेषा २५०० ला होती.

आता काकांचे पाच कारखाने घेऊ: आवारपूर, माणिकगड, एसीसीचा चांदा, अंबुजाचा उपरवाही आणि नारंड्याचा. खरे विक्रीचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून हिशेबापुरते प्रत्येकाला २० टक्के देऊ. २० चा वर्ग ४००, पाचपट २०००. टॉप-फोर ८०.

पण भाव ठरवणार कारखाना नाही, मालक. आवारपूर पूर्वी एल अँड टीचा होता, २००४ मध्ये अल्ट्राटेककडे आला. माणिकगड सेंच्युरीचा होता, तोही २०१९ मध्ये अल्ट्राटेककडेच गेला. एसीसी आणि अंबुजा २०२२ मध्ये अदानी समूहाने घेतले, आणि त्याआधीही दोन्ही होल्सिमच्याच हाताखाली होते. म्हणजे दुकानात दोन वेगळी नावे, वेगळे डीलर, पण तिजोरी एक. उरला नारंडा, तो दालमियाकडे आहे. म्हणजे ४०, ४० आणि २०. इंडेक्स १६०० + १६०० + ४०० = ३६००. टॉप-फोर तर १००, कारण चौथा कोणी नाहीच!

इथे काका म्हणतील, अरे, बाहेरूनही माल येतो की. बरोबर आहे. सिमेंट जड आणि किमतीच्या मानाने स्वस्त, त्यामुळे लांबून आणले की भाड्यातच पैसे जातात. तरी छत्तीसगड काही चंद्रावर नाही. बाजाराची हद्द कुठे संपते, हे ठरवायची पद्धत अशी: इथे सगळ्यांनी मिळून पाचेक टक्के भाव वाढवला, तर शेजारून एवढा माल येईल का की ती वाढ टिकणार नाही? येत असेल तर तो शेजारही आपल्याच बाजारात धरायचा.

समजा ४० टक्के माल बाहेरचा, चार नव्या कंपन्यांचा, प्रत्येकी १०. मग आपल्या तीन मालकांना २४, २४ आणि १२ उरतात. इंडेक्स १६९६, टॉप-फोर ७०. जरा हायसे वाटते ना? पण छत्तीसगडातले हिरमी आणि रावण हे कारखाने अल्ट्राटेकचेच, जामुल एसीसीचा, भाटापारा अंबुजाचा. बाहेरच्या चारपैकी दोन हिस्से याच दोन समूहांचे निघाले, तर यादी होते ३४, ३४, १२, १०, १०. इंडेक्स २६५६, टॉप-फोर ९०. दोन्ही नियमावल्यांच्या रेषेवर!

गोण्या त्याच, ट्रक तेच. फक्त हद्द आणि मालक नीट लिहिल्यावर आकडा कुठून कुठे गेला. म्हणून कोणी नुसता इंडेक्स सांगितला तर आधी विचारा, हद्द कोणती धरली आणि एसीसी-अंबुजा एक मोजले की दोन. तिसरी गोष्ट, हिस्सा कारखान्याच्या क्षमतेवरून काढला की त्या भागात खरंच विकलेल्या मालावरून? चंद्रपूरचा माल बाहेरही जातो, त्यामुळे क्षमता फसवते.

आणि इंडेक्स कमी आला म्हणजे कंपन्या भांडतातच असेही नाही. देशभराचा बाजार धरला तर सिमेंटवाले पुष्कळ दिसतात, तरी २०१२ मध्ये स्पर्धा आयोगाने अकरा कंपन्यांना संगनमताबद्दल सुमारे ६३०० कोटींचा दंड ठोठावला. त्यात त्यांनी किमतींची एकत्र हालचाल आणि क्षमता असून कमी चालवलेले कारखाने पाहिले. प्रकरण पुन्हा ऐकले गेले, २०१६ मध्ये पुन्हा दंड झाला, २०१८ मध्ये अपील ट्रिब्युनलने तो कायम ठेवला आणि कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या.

आपल्या साइटपुरते करायचे तर महिनाभर चार डीलरांचे कोटेशन तारखेसह लिहून ठेवता येईल. एकाचा भाव वाढला की बाकीचे किती दिवसांत वाढवतात, आणि कोणी खाली उतरतो का, एवढेच बघायचे. काकांनी वही द्यायचे कबूल केले आहे.