वाटी किती मिलीची?

आज बोलू या वाटीविषयी. फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या आपल्या गटांमध्ये एक अडचण पुन्हा पुन्हा येते. कृती एकीची, हात चौघींचे आणि वाट्याही चार घरच्या. एका घरची शंकरपाळी खुसखुशीत, दुसऱ्या घरची दगडासारखी, तिसऱ्या घरची कढईतच विरघळलेली. मग दोष कधी मैद्याला, कधी तेलाला. आमच्या मते आधी वाटीकडे पाहावं.

आपल्या आया-आज्यांची कृती वाटीवर का चालायची, ते आधी समजून घेऊ. एक वाटी दूध, एक वाटी तूप, एक वाटी साखर आणि पाच वाट्या मैदा, ही शंकरपाळ्यांची कृती म्हणजे खरं तर प्रमाण आहे. वाटी लहान असो की मोठी, सगळं त्याच वाटीनं मोजलं तर जमतंच. वाटी मोठी असेल तर शंकरपाळी जास्त होतील, एवढंच. प्रमाण बिघडतं ते दोन ठिकाणी. तूप एका घरच्या वाटीनं आणि मैदा दुसऱ्या घरच्या वाटीनं मोजला गेला, तर. नाहीतर त्याच यादीत "कप", "टेबलस्पून" आणि "अर्धा किलोचं पाकीट" येऊन बसलं, तर. अशा वेळी सगळ्या मापांना एकाच भाषेत आणावं लागतं. ती भाषा म्हणजे मिलीलिटर, थोडक्यात मिली.

आता ठरलेली मापं. दुकानात मोजायच्या कपांचा आणि चमच्यांचा जो जुडगा मिळतो, त्यातला एक कप बहुतेक २४० मिलीचा असतो, काहींमध्ये २५० मिलीचा. दांड्यावर आकडा कोरलेला असतो, तो वाचून घ्यावा. टेबलस्पून म्हणजे मोठा चमचा, १५ मिली. टीस्पून म्हणजे लहान चमचा, ५ मिली. तीन लहान चमच्यांचा एक मोठा, आणि सोळा मोठ्या चमच्यांचा २४० मिलीचा एक कप. अर्धा कप १२०, पाव कप ६०. एवढं पाठ असलं की पुरतं. मात्र विजेच्या भाताच्या कुकरबरोबर येणारा प्लॅस्टिकचा कप बहुधा १८० मिलीचा असतो, तो यात मिसळू नका. चहाचा कप तर मोजमापात धरूच नये; हॉटेलातला वेगळा, पाहुण्यांसाठीचा वेगळा.

राहिली आपली वाटी. तिच्यावर आकडा नसतो, तो आपणच शोधायचा. सगळ्यात सोपी रीत एक लिटर पाण्याच्या बंद बाटलीची. बाटली उघडायची आणि वाटी काठोकाठ भरून एकेक वाटी पातेल्यात ओतत जायची, मोजत राहायचं. समजा सहा वाट्या पूर्ण भरल्या आणि सातवी पाव भरली. म्हणजे एक लिटरमध्ये सव्वासहा वाट्या. एक हजार भागिले सव्वासहा, उत्तर १६०. तुमची वाटी १६० मिलीची.

गटाकडे इलेक्ट्रॉनिक वजनकाटा असेल तर आणखी बरं. रिकामी वाटी काट्यावर ठेवा, बटण दाबून आकडा शून्यावर आणा, मग पाणी भरा. पाण्याचं एक ग्रॅम म्हणजे एक मिली, म्हणून काटा जितके ग्रॅम दाखवील तितक्या मिलीची वाटी. चमच्यासाठी मात्र एक चमचा पाणी टाकून भागत नाही, कारण एक-दोन ग्रॅमचा फरक साधा काटा नीट दाखवत नाही. दहा चमचे पाणी टाका आणि दहानं भागा. घरातला चहाचा चमचा असा मोजला आणि दहा चमच्यांचे ७० ग्रॅम भरले, तर तो चमचा ७ मिलीचा झाला. कृतीत लिहिलेल्या ५ मिलीपेक्षा चांगलाच मोठा. काटा नसेल तर औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मिलीच्या रेघांचं झाकण किंवा सुई नसलेली नवी सिरिंज चमचा मोजायला उपयोगी पडते.

इथे एक बारकी गोष्ट आहे. दूध किंवा तूप घेताना आपण वाटी काठोकाठ भरतो का? नाही. सांडू नये म्हणून थोडी खालीच ठेवतो. मैदा मात्र काठापर्यंत भरतो, कुणी कुणी तर शीग लावूनही. म्हणजे एकाच बाईच्या हातात एकच वाटी, पण पातळाची वाटी वेगळी आणि कोरड्याची वेगळी. म्हणून ज्या मैत्रिणीची कृती घ्यायची, तिला वाटी हातात देऊन सांगा, "तू नेहमी दूध घेतेस तसं पाणी भर." तेवढं पाणी मोजा. आणि मैदा ती सपाट घेते की शिगेचा, तेही बघून घ्या. तोंडी विचारून हे कळत नाही, कारण तिचं तिलाही ते ठाऊक नसतं.

आता शंकरपाळ्यांची यादी बनवू. वाटी काठोकाठ १६० मिलीची, पण दूध-तूप भरताना तीत १५० मिली जातं, असं धरू. मग दूध १५० मिली. तूप १५० मिली, तेही पातळ करून मोजलेलं. थिजलेलं तूप वाटीत दाबलं जातं किंवा मध्ये पोकळ राहतं, माप लागत नाही. साखर एक वाटी सपाट, १६० मिली. मैदा पाच वाट्या, ८०० मिली. मीठ पाव लहान चमचा, म्हणजे सव्वा मिली.

आता समजा, दुसऱ्या घरी याच कृतीतलं तूप २१० मिलीच्या वाटीनं घेतलं आणि मैदा पहिल्या घरच्या वाटीनं मोजून आला. ती वाटी थोडी खाली भरली तरी तूप १९५ मिलीच्या आसपास जाणार. ४५ मिली जास्त, म्हणजे तीन मोठे चमचे तूप वर. एवढ्या तुपानं मैद्याचा चिकटपणा धरत नाही आणि शंकरपाळी तेलात सोडताच कडेनं फेस येतो, तुकडे सुटायला लागतात, तळाशी गाळ बसतो. उलट तूप कमी पडलं तर शंकरपाळी फुटत नाही, पण दाताला लागते आणि आत पदर दिसत नाहीत. म्हणून सगळा गोळा लाटण्याआधी एकच शंकरपाळी तळून बघायची. ती विरघळली तर उरलेल्या गोळ्यात मूठभर मैदा मळता येतो. पूर्ण घाणा तळल्यावर मग काही हातात राहत नाही.

इथवर सगळं मिलीचं झालं. पण मैदा आपण दुकानातून मिलीवर आणत नाही, किलोवर आणतो. आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मिली म्हणजे जागा, ग्रॅम म्हणजे वजन. पाण्यात दोन्ही सारखे, बाकीच्यांत नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना हे लगेच कळतं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, या मापांनी त्यांनी धान्य मोजलेलं असतं, आणि माप भरलेलं असलं तरी साळीचं वजन वेगळं आणि तांदळाचं वेगळं, हे त्यांना शिकवावं लागत नाही. दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, त्यानंतर हळूहळू बाजार किलो-लिटरवर गेला. स्वयंपाकघर मात्र वाटीवरच राहिलं.

तर आपल्या यादीतलं वजन बघू. २४० मिलीचा एक कप मैदा, सैल भरून वर सुरीची पाठ फिरवलेला, साधारण १२५ ग्रॅम भरतो. त्या हिशेबानं ८०० मिली मैदा साधारण ४१५ ग्रॅम. कुणी ८०० मिली म्हणजे ८०० ग्रॅम समजून वजन केलं तर मैदा जवळजवळ दुप्पट पडेल आणि गोळा मळलाच जाणार नाही. तीच एक कप साखर साधारण २०० ग्रॅम असते, म्हणून आपली १६० मिली साखर १३५ ग्रॅमच्या आसपास. तूप पाण्यापेक्षा हलकं, १५० मिली तूप तेवढंच, १३५ ग्रॅमच्या जवळपास भरतं. मैद्याचा आकडा मात्र कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका, आमच्याही नाही. डब्यात वाटी खुपसून काढलेला मैदा दाबला जातो आणि चमच्यानं भरलेल्या मैद्यापेक्षा बराच जड भरतो. चाळलेला त्याहून हलका. आपल्या गटात जशी वाटी भरतात तशी तीनदा भरा, तिन्ही वेळा वजन करा आणि मधला आकडा यादीत लिहा.

ऑर्डर मोठी असेल तर यादीला चारनं गुणायचं. दूध ६०० मिली, तूप ६०० मिली, साखर ६४० मिली. मीठ चार वेळा पाव चमचा घालू नका, त्यात प्रत्येक वेळी थोडी शीग चढते. सव्वा मिलीचे चार म्हणजे ५ मिली, सरळ एक लहान चमचा सपाट. मैदा ३,२०० मिली होतो. वीस वाट्या मोजताना एकदा तरी मोजणी चुकणारच, कुणीतरी मध्येच हाक मारतं. म्हणून एवढा मैदा काट्यावरच घ्यावा, १,६६० ग्रॅम.

त्यातलाही पाव किलो बाजूला काढून ठेवा. उकळून विरघळवलेल्या दूध-तूप-साखरेत बाकीचा मैदा घालून मळा आणि मग बाजूचा मैदा लागेल तसा मुठीनं घाला. मैदा जुना, नवा, दमट, जाडा, जसा असेल तसा तो दूध कमी-जास्त ओढतो. म्हणून यादीत मैद्यापुढे "१,६६० ग्रॅमपर्यंत" असं लिहायचं. दूध, तूप, साखर आणि मीठ यांच्यापुढे मात्र नेमका आकडा, आणि त्याच्या शेजारी कंसात कुठल्या घरची वाटी मोजून तो काढला तेही.