डाग धरत नाही, तो टोकामुळे

खेळण्यातली सुटलेली वायर जोडताना सोल्डरची गोळी होऊन ती घरंगळू लागली, की आयर्नचे वॅट कमी पडले असा समज होतो. पण वॅटवरून तापमान कळत नाही. आयर्न दर सेकंदाला किती उष्णता पुरवू शकतं, एवढंच त्यातून कळतं. ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असलेलं नेहमीचं सोल्डर १९० अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण वितळतं आणि २५ वॅटचं साधं आयर्न त्याच्या बरंच वर जातं. उष्णता असते, पण ती टोकावरच्या काळ्या ऑक्साइडच्या थरामागे अडकते. त्यावर उपाय म्हणून नियंत्रण नसलेलं ६० वॅटचं आयर्न आणलं, तर स्टँडवर ठेवलेलं टोक आणखी तापून लवकर काळं पडतं आणि बारीक वायरचं प्लॅस्टिकही वितळतं. तापमान ठरवता येणारं ६० वॅटचं आयर्न मात्र खरोखर चांगलं, कारण तिथे जादा वॅट फक्त गरजेपुरते वापरले जातात. खर्च टाळायचा असेल तर २५ वॅट पुरे, पण टोक सुईसारखं नको. दोनेक मिलिमीटरचं चपटं टोक वायरला जास्त जागी टेकतं, म्हणून उष्णता लवकर देतं.

जुने कारागीर काळं टोक कानशीने घासत, मग आपण का नाही, असं कोणी विचारेल. त्यांचं टोक नुसत्या तांब्याचं होतं, त्यामुळे ते बरोबरच होतं. आजच्या बहुतेक टोकांवर तांबं सोल्डरमध्ये विरघळू नये म्हणून लोखंडाचा पातळ मुलामा असतो. तो घासला गेला की टोकाला खड्डे पडतात. त्यामुळे भांड्यासारखी टोकालाही कल्हई लागते. नवं आयर्न पहिल्यांदा तापताना आत राळेचा फ्लक्स असलेली सोल्डरची तार टोकाला लावत राहावी आणि ती वितळताच टोक सगळीकडून माखावं. मग ओलसर स्पंजवर एकदा पुसावं. टोक चांदीसारखं चमकलं तर टिनिंग झालं. काळे डाग राहिले तर पुन्हा तार लावून पुसावं.

रिमोटमधली बॅटरीच्या स्प्रिंगची वायर घेऊ. सेल काढून स्प्रिंगच्या पत्र्यावरचा गंज खरवडावा, वायरची सोललेली टोकं पिळून त्यांनाही आधी सोल्डर पाजावं. आयर्नच्या टोकावर सोल्डरचा लहानसा थेंब घेऊन ते वायर आणि पत्रा दोन्हींना एकदमच टेकवावं, कारण त्या थेंबातूनच उष्णता पसरते. मग नवी तार आयर्नला नव्हे, जोडाला लावावी. दोन-तीन सेकंदांत सोल्डर पसरून कडेला पातळ होतं. फुगीर गोळी राहिली तर जोड कच्चा. नळाच्या कामाची आम्लयुक्त पेस्ट इथे वापरली, तर डाग पटकन धरतो खरा, पण उरलेलं आम्ल वायर कुरतडतं. काम संपल्यावर टोक पुसून ठेवणं ही स्वच्छता वाटते, पण तेच टोकाला मारक. बंद करण्याआधी टोकावर सोल्डरचा जाड थेंब चढवून तसाच थंड होऊ द्यावा, म्हणजे हवा त्या थेंबावर काम करते, लोखंडावर नाही.