अडीच टक्क्यांचा फायदा

२०१९ च्या विम्बल्डन फायनलमध्ये रॉजर फेडररने २१८ पॉइंट जिंकले आणि नोवाक जोकोविचने २०४. फेडररचे पॉइंट चौदा जास्त, तरी कप जोकोविचकडे गेला. स्कोअर होता ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२. जोकोविचने तिन्ही टायब्रेक घेतले आणि बाकी वेळ, विशेषतः दुसऱ्या सेटमध्ये, फेडररला पॉइंट खुशाल लुटू दिले. टेनिसमध्ये असं होऊ शकतं, कारण इथे पॉइंटांची शेवटी बेरीज होतच नाही. पॉइंटांचा गेम होतो, गेमांचा सेट, सेटांची मॅच, आणि प्रत्येक पायरीवर मागचा हिशोब पुसून पाटी कोरी केली जाते. ६-१ ने घेतलेला सेट आणि ७-६ ने घेतलेला सेट, दोघांची किंमत एकच.

पण असा उलटा निकाल क्वचितच लागतो. एरवी हीच रचना जरासा सरस असलेल्या खेळाडूच्या पदरात त्याच्या सरसपणापेक्षा कितीतरी जास्त टाकते. किती जास्त, हे कागद-पेन्सिलीने काढता येतं.

त्यासाठी एकच आकडा लागतो: सर्व्हिस करणारा खेळाडू शंभरातले किती पॉइंट जिंकतो. पुरुषांच्या वरच्या पातळीवरच्या टेनिसमध्ये ६५ हा अगदी वाजवी आकडा आहे, म्हणून तोच घेऊ. शिवाय एक गृहीत धरू, की प्रत्येक पॉइंट स्वतंत्र आहे: आधीचा पॉइंट कसा गेला, स्कोअर काय आहे, याचा पुढच्या पॉइंटवर काही परिणाम नाही. हे कितपत खरं, ते नंतर बघू.

आता गेम. सर्व्हर प्रतिस्पर्ध्याला शून्यावर ठेवून गेम घेतो, म्हणजे सलग चार पॉइंट जिंकतो. ०.६५ ला चार वेळा गुणलं की ०.१७९ येतं, म्हणजे साधारण १८ टक्के. प्रतिस्पर्ध्याला १५ वर ठेवून जिंकायचं तर मध्ये एक पॉइंट जातो. तो पहिल्या चारांपैकी कुठलाही असू शकतो, शेवटचा मात्र नाही, कारण शेवटचा पॉइंट जिंकल्यावरच गेम संपतो. म्हणून चार मार्ग, आणि उत्तर २५ टक्के. ३० वर ठेवून जिंकण्याचे दहा मार्ग आहेत, त्यांचे मिळून २२ टक्के. झाले ६५. उरला ड्यूस. तीन-तीन पॉइंट होऊन ड्यूस लागण्याची शक्यता साडेतेवीस टक्के निघते.

ड्यूसला आलं की हिशोब अडतो असं वाटतं, कारण ड्यूस, ॲडव्हांटेज, परत ड्यूस हे कितीही वेळ चालू शकतं. पण त्यातून सुटायची वाट सोपी आहे. पुढचे दोन पॉइंट एकत्र बघायचे. सर्व्हरने दोन्ही जिंकले, ०.६५ गुणिले ०.६५, तर गेम त्याचा: सव्वाबेचाळीस टक्के. दोन्ही हरला, ०.३५ गुणिले ०.३५, तर गेम गेला: सव्वाबारा टक्के. एक-एक झाला तर आपण होतो तिथेच परत, म्हणजे काहीच घडलं नाही असं धरून चालायचं. मग सवाल उरतो फक्त सव्वाबेचाळीस विरुद्ध सव्वाबाराचा. या दोघांच्या बेरजेत सर्व्हरचा वाटा साडेसत्त्याहत्तर टक्के येतो. अनंत फेऱ्यांचं गणित एका भागाकारात संपतं.

साडेतेवीसचे साडेसत्त्याहत्तर टक्के म्हणजे आणखी १८. आधीचे ६५ धरून एकूण ८३. पॉइंट ६५ टक्के जिंकणारा गेम ८३ टक्के जिंकतो. पॉइंट ६० टक्के असते तर गेम साडेत्र्याहत्तर टक्के निघाला असता आणि ७० टक्के असते तर ९०. चांगल्या सर्व्हरला ब्रेक करणं इतकं जड का जातं, ते या तीन आकड्यांतच आहे.

याच पद्धतीने मधल्या कुठल्याही स्कोअरवरची शक्यता निघते. त्या फायनलमध्ये पाचव्या सेटला ८-७ वर फेडरर सर्व्हिस करत होता, स्कोअर ४०-१५. आपल्या ६५ टक्क्यांच्या हिशोबाने तो गेम हरण्यासाठी त्याला लागोपाठ दोन पॉइंट गमवावे लागणार होते, सव्वाबारा टक्के, आणि मग ड्यूसवरूनही हरावं लागणार होतं, त्यातले साडेबावीस टक्के. गुणाकार पावणेतीन टक्के. म्हणजे गेम, आणि त्यासोबत विम्बल्डन, जिंकण्याची शक्यता ९७ टक्के. पहिला मॅच पॉइंट फेडररने स्वतःच्या चुकीने घालवला. दुसऱ्यावर तो नेटकडे धावला आणि जोकोविचने फोरहँड तिरका मारून त्याच्या बाजूने काढला. पावणेतीन टक्के म्हणजे छत्तीसात एकदा. दुर्मीळ, पण चमत्कार नव्हे.

सगळे पॉइंट सारख्या मोलाचे नसतात, हेही इथेच दिसतं. कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये पॉइंटचं वजन मोजायची साधी रीत सांगितली: हा पॉइंट जिंकला तर गेम जिंकण्याची शक्यता किती, हरला तर किती, दोन्हींतला फरक म्हणजे त्या पॉइंटचं वजन. ४०-० वर पॉइंट जिंकला तर गेम खिशात, हरला तरी ४०-१५ वर ९७ टक्के आहेतच. वजन जेमतेम तीन. ३०-४० वर मात्र जिंकला तर ड्यूस, म्हणजे साडेसत्त्याहत्तर, आणि हरला तर शून्य. वजन साडेसत्त्याहत्तर. ४०-० वर खेळाडू कधी कधी जरा सैल का खेळतात आणि ब्रेक पॉइंटला टॉवेलने तोंड पुसायला दुप्पट वेळ का घेतात, त्याला हे कारण पुरेसं आहे.

सेटसाठी दुसरा खेळाडूही हवा. पहिल्याला अ म्हणू, त्याचे सर्व्हिसवर ६५ टक्के. ब चे ६०. म्हणजे अ आपली सर्व्हिस ८३ टक्के राखतो आणि ब ची सर्व्हिस साधारण २६ टक्के वेळा मोडतो. दोघांनी पाच-पाच गेम सर्व्हिस केली असं धरून सगळ्या जोड्या मांडल्या, की अ ने दहातले सहा किंवा जास्त गेम घेण्याची शक्यता ४९ टक्के येते, ब ने घेण्याची २२ आणि ५-५ होण्याची २९. ५-५ नंतर कुणी ७-५ करेल किंवा टायब्रेक लागेल. टायब्रेकमध्ये अ ला ५८ टक्के मिळतात. तिथे त्याचा फायदा आटतो, कारण टायब्रेक म्हणजे डझन-दीड डझन पॉइंटांचा खेळ, आणि खेळ जितका छोटा तितकी नशिबाला जागा जास्त. सगळं एकत्र करून अ सेट जिंकतो ६६ टक्के.

पुढची पायरी सोपी आहे. तीन सेटची मॅच, जशी पुण्यात बालेवाडीला झालेल्या एटीपी स्पर्धेत असायची, अ ७४ टक्के जिंकतो. ग्रँड स्लॅममध्ये पुरुष खेळतात तशी पाच सेटची मॅच ७९ टक्के. मॅच लांबली की पाच टक्के आणखी अ च्या खात्यात. मोठे उलटफेर पाच सेटमध्ये कमी व्हावेत, ही अपेक्षा इथूनच येते.

आता मागे वळून बघा. अ आपल्या सर्व्हिसवर ६५ टक्के आणि ब च्या सर्व्हिसवर ४० टक्के पॉइंट जिंकतो. दोघांची सर्व्हिस सारखी धरली तर एकूण साडेबावन्न. निम्म्यापेक्षा अडीच टक्के जास्त, आणि त्यावर पाचातल्या जवळजवळ चार मॅचेस. २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात फेडररने विद्यार्थ्यांना स्वतःचेच आकडे सांगितले होते: १५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के जिंकले आणि त्यांतले पॉइंट फक्त ५४ टक्के. ऐकणाऱ्यांना ते नम्रतेचं बोलणं वाटलं असेल. मला तरी ते सरळ गणित वाटतं.

पॉइंट स्वतंत्र असतात, या गृहीताचं काय? क्लासेन आणि मॅग्नस या दोन डच अभ्यासकांनी विम्बल्डनच्या चार वर्षांतले ४८० हून जास्त एकेरी सामने घेतले, सुमारे नव्वद हजार पॉइंट, आणि तपासलं. गृहीत पुरतं खरं ठरलं नाही. आधीचा पॉइंट जिंकलेल्याला पुढच्यात किंचित फायदा होतो, आणि वजनदार पॉइंटवर सर्व्हर किंचित ढिला पडतो. पण दोन्ही परिणाम इतके छोटे आहेत की मॅचच्या शक्यतेसाठी ते सोडून दिले तरी चालतं. समालोचक ज्याला ‘मोमेंटम’ म्हणतात तो आहे, पण त्यांच्या आवाजाच्या मानाने फारच बारीक.

खरी अडचण दुसरीकडे आहे. ६५ हा आकडा कुणी कपाळावर लिहून आणत नाही, तो मोजावा लागतो. तोही खेळाडूचा एकट्याचा नसतो: समोर रिटर्न कोण करतंय, कोर्ट गवताचं की मातीचं, यावर तो हलतो. समजा, अ ने एका मॅचमध्ये ८० पॉइंट सर्व्हिस केली आणि त्यांतले ५२ जिंकले. झाले ६५ टक्के. पण ८० पॉइंटांच्या नमुन्यात नुसत्या योगायोगाने पाच टक्के इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं आहे. त्याची खरी पातळी ६० असेल, ७० सुद्धा असेल. मागच्याच मॅचचा आकडा उचलून भाकीत करणारा इथे फसतो, कारण पायऱ्या जशा फायद्याला मोठं करतात तशा मोजमापातल्या चुकीलाही करतात. गेममध्ये ती चूक साडेत्र्याहत्तर ते नव्वद इतकी पसरते. पाच सेटच्या मॅचमध्ये, ब चे ६० कायम धरले तरी, अ ची शक्यता बरोबर ५० पासून थेट नव्वदच्या पुढे जाते. आणि अजून ब चे ६० आपण खरेच मानले आहेत.