लाईट बिल दुप्पट झालं, पण दर किती वाढले?

मे २०२४ चं बिल आलं तेव्हा विसरवाडीतल्या एका पालकांनी मला सांगितलं, "सर, दर दुप्पट केले हो!" सातवीच्या वर्गात शेकडेवारी चालूच होती. मग तेच उदाहरण फळ्यावर घेतलं, फक्त आकडे सोपे केले: मार्चमध्ये १०० युनिट, मेमध्ये कूलर लागल्यावर १५० युनिट.

महावितरणचे घरगुती दर १ एप्रिल २०२४ पासून बदलले होते. स्थिर आकार ११६ वरून १२८ रुपये झाला. पहिल्या १०० युनिटांचा वीज आकार ४.४१ वरून ४.७१ आणि १०१ ते ३०० युनिटांचा ९.६४ वरून १०.२९ रुपये झाला. वहन आकार दोन्ही वेळी युनिटला १.१७ रुपयेच होता.

मार्चचं बिल: ११६ + १०० × ५.५८ = ६७४ रुपये.
मेचं बिल: १२८ + १०० × ५.८८ + ५० × ११.४६ = १२८९ रुपये.

वाढ ६१५ रुपये, म्हणजे सुमारे ९१ टक्के. पालकांचं "दुप्पट" अगदीच चूक नव्हतं. पण ते दरामुळे झालं का?

इथे मुलांकडून एक तिसरं, कधीच न आलेलं बिल करून घ्या: युनिट मेचे, दर मार्चचे. ६७४ + ५० × १०.८१ = १२१४.५० रुपये. आता ६७४ पासून १२१४.५० पर्यंतची ५४०.५० ची वाढ निव्वळ जास्त वापराची. तिथून १२८९ पर्यंतचे ७४.५० रुपये दरवाढीचे. मूळ ६७४ शी तुलना केली तर वापराचे ८० टक्के आणि दराचे ११ टक्के.

एका मुलीने विचारलं, "युनिट तर ५० टक्केच वाढले, मग ८० कसे?" वर्गातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच होता. वाढलेले पन्नासही युनिट १०० च्या वरच्या टप्प्यात गेले, आणि तिथला दर जवळपास दुप्पट आहे. पालकांना जाणवलेलं "दुप्पट" बहुतेक इथलंच.

मुलं हमखास चुकतात ती पायावर. ७४.५० ला १२१४.५० ने भागलं तर ६ टक्के येतात. तेही बरोबरच, पण ते ८० मध्ये मिळवता येत नाहीत, कारण पाया वेगळा. आधी दर बदलून मग युनिट वाढवले तर दराचे फक्त ४२ रुपये येतात. फरकाचे ३२.५० हे जादा पन्नास युनिटांवरच्या जादा दराचे (५० × ०.६५). ते कुणाच्या खात्यात टाकायचे हे आधीच ठरवून घ्यावं.

१६ टक्के वीज शुल्क मी सोडलं. ते दोन्ही बिलांवर सारखंच लागतं, त्यामुळे टक्के बदलत नाहीत. इंधन समायोजन आकार मात्र महिन्यागणिक बदलतो, म्हणून खऱ्या बिलात तो वेगळा काढावा. आणि मुलांनी घरून बिलं आणली की आधी रीडिंगच्या तारखा बघा. एक बिल २८ दिवसांचं आणि दुसरं ३५ दिवसांचं असेल, तर युनिट वाढलेत ते कूलरने की दिवसांनी, हे आधी सोडवावं लागतं.