चांदरात आधी, दिवस नंतर : हिजरी तारीख कशी वाचायची?

आजच्या भागात आपण हिजरी तारखेबद्दल बोलणार आहोत. निकाहनाम्यावर, कबरीच्या दगडावर, दर्ग्याच्या उरुसाच्या पत्रकावर ही तारीख असते. घरात जुना कागद निघतो, त्यावर ‘9 रजब 1398’ असं काही लिहिलेलं असतं, आणि बँकेच्या किंवा पेन्शनच्या अर्जावर मात्र इंग्रजी तारीख मागतात. मग कुणी मोबाइलवर बघून एक तारीख सांगतं, दुसरं कुणी दुसरी सांगतं, आणि दोघींच्यात एका दिवसाचा फरक निघतो. हा एक दिवस कुठून येतो, हे एकदा कळलं की बाकी सगळं सोपं आहे.

आपल्या आसपास दिवस मोजायच्या तीन रीती एकाच वेळी चालतात. इंग्रजी तारीख रात्री बाराला बदलते. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून पहाटे चारला उठलेली आजी म्हणते, “अजून कालचाच वार आहे.” आणि हिजरी तारीख सूर्य मावळला की बदलते. मगरीबची अजान झाली की नवी तारीख लागली. म्हणजे हिजरी दिवसात रात्र आधी येते आणि तिच्या मागून उजेडाचा दिवस येतो.

याची खूण आपल्या बोलण्यातच आहे. दखनीत आणि उर्दूत गुरुवारला जुमेरात म्हणतात. जुमा म्हणजे शुक्रवार, आणि जुमेरात म्हणजे जुम्म्याची रात. शुक्रवारची रात्र गुरुवारी संध्याकाळीच सुरू होते, म्हणून त्या वारालाच तिचं नाव पडलं. शबे बारातही तशीच. ती 15 शाबानची रात्र, पण 15 तारखेचा दिवस उजाडण्याआधीची. 2024 साली आपल्याकडे ती रविवारी, 25 फेब्रुवारीला रात्री झाली आणि 15 शाबानचा दिवस उजाडला सोमवारी, 26 ला.

आता दिवस सूर्यास्तालाच का सुरू होतो, ते पाहू. हिजरी महिना ठरतो तो नव्या चंद्राची कोर डोळ्यांना दिसण्यावर. अमावास्येला चंद्र सूर्याच्या अगदी जवळ असतो आणि त्याच्याबरोबरच मावळतो, म्हणून दिसत नाही. पुढे तो रोज सूर्यापासून थोडा थोडा मागे पडत जातो. पुरेसा मागे पडला की सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला, क्षितिजाच्या थोडं वर, बारीक कोर दिसते आणि थोड्याच वेळात तीही मावळते. नवी कोर दिसण्याची वेळ एवढीच. ती पहाटे दिसत नाही, मध्यरात्री दिसत नाही, भर दुपारी दिसत नाही. महिन्याचा पहिला क्षणच जर संध्याकाळचा असेल, तर त्या महिन्याची पहिली तारीखही संध्याकाळीच सुरू होणार. आणि पहिली तारीख संध्याकाळी सुरू झाली की दुसरी, तिसरी, सगळ्याच संध्याकाळी सुरू होतात. यहुदी लोकांच्या दिनदर्शिकेतही दिवस संध्याकाळीच लागतो. त्यांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो.

रमजानमध्ये हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं. चंद्र दिसला की त्याच रात्री तरावीहची नमाज होते, रोजा मात्र दुसऱ्या दिवशी पहाटेपासून. रमजान लागलेला असतो, पण रोजा हा उजेडाचा असतो, फजरपासून मगरीबपर्यंतचा. आणि शेवटी शव्वालचा चंद्र दिसला की त्या रात्री तरावीह नसते, कारण रमजान मगरीबलाच संपलेला असतो. ती रात्र ईदचीच, म्हणून तिला चांदरात म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. 2024 साली 11 मार्चला, सोमवारी, आपल्याकडे रमजानचा चंद्र दिसला. मुंबईत त्या दिवशी सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळला. समजा, त्या दिवशी एकाच दवाखान्यात दोन बाळं जन्मली, एक दुपारी तीनला आणि दुसरं रात्री आठला. दोघांच्या जन्मदाखल्यावर 11 मार्च 2024 हीच तारीख पडणार. पण हिजरी तारखेने पहिलं बाळ 29 शाबान 1445 चं आणि दुसरं 1 रमजान 1445 चं. पाच तासांच्या अंतराने जन्मले, पण महिने दोन. म्हणून हिजरी तारीख लिहिताना किंवा वाचताना पहिला प्रश्न विचारायचा : गोष्ट सूर्य मावळण्याआधी घडली की नंतर? संध्याकाळनंतर घडली असेल, तर तिची हिजरी तारीख इंग्रजी कॅलेंडरच्या त्या चौकोनात छापलेली नसते, पुढच्या चौकोनात असते. छापील कॅलेंडरवर हिजरी तारीख त्या दिवसाच्या उजेडाची दिलेली असते.

आता महिने. क्रमाने ते असे : मोहरम, सफर, रबी-उल-अव्वल, रबी-उल-आखिर, जमादि-उल-अव्वल, जमादि-उल-आखिर, रजब, शाबान, रमजान, शव्वाल, जिल्काद आणि जिल्हेज. पेशवाईतल्या मोडी पत्रांवरही हेच महिने आहेत. तिथे ते रबिलावल, रबिलाखर, साबान, सवाल असे मराठी वळणाने लिहिलेले आढळतात, आणि तारखेआधीचं ‘छ’ हे अक्षर चंद्राची तारीख असल्याचं सांगतं.

महिना 29 दिवसांचा किंवा 30 दिवसांचा असतो. त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. 29 तारखेच्या संध्याकाळी चंद्र पाहतात. दिसला तर नवा महिना, नाही दिसला तर 30 पूर्ण करायचे. बारा महिने मिळून साधारण 354 दिवस भरतात. आपल्या पंचांगात हा फरक अधिक मास घालून भरून काढतात. हिजरी गणनेत अधिक मास नाही, म्हणून सण दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतात. कधी रोजे ऐन उन्हाळ्यात येतात, कधी थंडीत, आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतात.

यावरूनच वर्ष बदलायची एक सोपी रीत निघते. हिजरी वर्षाला 33 ने भागायचं, आलेला आकडा त्याच वर्षातून वजा करायचा आणि 622 मिळवायचे, कारण ही गणना इसवी सन 622 पासून सुरू होते. आपल्या कागदावरचं 1398 घ्या. 33 ने भागलं की साधारण 42 येतात. 1398 मधून 42 गेले, 1356 उरले. त्यात 622 मिळवले, 1978 आले. पण हिजरी वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. 1398 चा मोहरम 1977 च्या डिसेंबरमध्येच लागला होता. म्हणून ही रीत फक्त अंदाजाला, नेमक्या तारखेसाठी तक्ता पाहावा लागतो.

तक्त्यात किंवा मोबाइलवर 9 रजब 1398 समोर 15 जून 1978 येते. तो गुरुवार होता. पण तक्ता आकडेमोडीने केलेला असतो. तो एक महिना 30 चा, एक 29 चा असं धरून चालतो. निकाह लावणाऱ्या काझींनी मात्र आपल्या गावात दिसलेल्या चंद्रावरून तारीख लिहिलेली असते. दोन्हींत एक दिवसाचा फरक सहज पडतो. तो ओळखायचा तर कागदावरचा वार शोधायचा.

समजा, कागदावर ‘9 रजब 1398, शबे जुमा’ असं आहे. शबे जुमा म्हणजे शुक्रवारची रात्र, म्हणजे गुरुवारी सूर्य मावळल्यानंतरची वेळ. तक्त्याप्रमाणे 9 रजब बुधवारी संध्याकाळी लागून गुरुवारी संध्याकाळी संपली. गावात ती गुरुवारी संध्याकाळी लागली, याचा अर्थ गावचा महिना तक्त्याच्या एक दिवस मागे चालला होता. मग निकाह झाला गुरुवारी, 15 जून 1978 ला रात्री, आणि अर्जावर हीच तारीख लिहायची. ‘शुक्रवारची रात्र’ वाचून कुणी 16 जून लिहिलं, तर चूक होईल. आणि कागदावर वारच नसेल, तर तक्त्याच्या तारखेला एक दिवस मागेपुढे धरूनच चालावं लागतं. अशा वेळी लग्नपत्रिका किंवा त्या दिवसाचा दुसरा एखादा कागद शोधणं बरं.

गावोगावी, देशोदेशी हा फरक का पडतो, तेही 2024 च्याच ईदवरून सांगतो. एप्रिलमध्ये अमावास्येचा क्षण 8 तारखेला रात्री बारा वाजायच्या जरा आधी होता. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आपला गुढीपाडवा. त्या संध्याकाळी महाराष्ट्रात 29 वा रोजा होता, पण चंद्र अमावास्या सोडून जेमतेम एकोणीस तास झाले होते. कोर फार बारीक, क्षितिजाला टेकलेली. ती आपल्याकडे दिसल्याची ग्वाही आली नाही. म्हणून 30 रोजे पूर्ण झाले, बुधवारी चांदरात आणि गुरुवारी, 11 एप्रिलला ईद. सौदी अरबस्तानात रमजान एक दिवस आधी लागला होता, तिथे ईद 10 एप्रिललाच झाली. आखातात काम करणाऱ्या भावाचा ईदचा फोन एक दिवस आधी येतो, तो यामुळे. दोन्हीकडची तारीख 1 शव्वाल 1445 च.

शेवटी बायकांच्या दृष्टीने फार महत्त्वाची एक मोजणी. पती वारला तर बाईची इद्दत चार महिने दहा दिवसांची असते, आणि हे महिने चंद्राचे असतात. इंग्रजी कॅलेंडरवरून चार महिने धरले तर तीन-चार दिवस जास्त भरतात. मृत्यू पहिल्या तारखेला झाला असेल तर चंद्र बघत चार महिने आणि वर दहा दिवस मोजतात. मधल्या तारखेला झाला असेल तर आपल्याकडे बरेच उलमा सरळ 130 दिवस मोजायला सांगतात. गरोदर बाईची इद्दत मात्र बाळंत होईपर्यंत असते. म्हणून घरात असा प्रसंग आला की इंग्रजी तारखेबरोबर हिजरी तारीख, वार आणि मगरीबच्या आधी की नंतर, हे त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा. पुढे इद्दत मोजताना आणि दर वर्षी बरसीचा दिवस धरताना कुणाला आठवत बसावं लागणार नाही.