‘पण’च्या पुढे काय येतं?

‘पूल मजबूत आहे, पण जुना आहे.’ ‘पूल जुना आहे, पण मजबूत आहे.’ माहिती तीच. तरी पहिलं वाक्य ऐकून माणूस पुलावर पाऊल टाकताना कचरतो, दुसरं ऐकून निर्धास्त जातो. ‘पण’नंतरचं मनात उरतं.

कारण सांगतानाही हेच घडतं. ‘उद्या शाळा बंद राहील, कारण टाकीत पाणी नाही,’ यात लक्ष टाकीपाशी थांबतं. ‘टाकीत पाणी नाही, म्हणून उद्या शाळा बंद राहील,’ म्हटलं की पालकांच्या कामाची गोष्ट शेवटी येते. पाणीटंचाईची तक्रार करायची असेल, तर मात्र पहिलीच रचना बरी.

मराठीत वाक्याच्या टोकाला बहुधा क्रियापद असतं. त्यामुळे सुट्या वाक्यात जोराची जागा त्याच्या लगेच आधीची. ‘पैसे काल सुमननं दिले,’ यात सुमन उठून दिसते. ‘पैसे सुमननं काल दिले,’ यात दिवस. ‘पैसे काल दिले सुमननं,’ असं म्हटलं, तर सुमन अगदी शेवटी असूनही मागाहून आठवल्यासारखी वाटते. वाक्य मोठ्यानं वाचावं आणि ते ‘कोणी?’चं उत्तर देतं की ‘कधी?’चं, ते पाहावं. जोर कुठे पडला ते लगेच कळतं.